वाढदिवसाला दिलेला एक शेअर

दहा हजारांना तिनाने भाग जात नाही. एक उरतो. 2021 च्या ऑगस्टअखेरीस माझ्या इंदूरच्या ऑफिसात तीन मित्र बसले होते आणि हा उरलेला एक शेअर कुणाच्या नावावर टाकायचा, एवढाच प्रश्न त्यांना पडला होता. भांडवल एक लाख रुपये, दहा रुपयांचा एक याप्रमाणे दहा हजार शेअर. "काका, आम्ही तिघं सारखे. सारखंच टाका," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. त्या आठवड्यात तिघांपैकी एकाचा वाढदिवस होता. "मग तो एक यालाच द्या, गिफ्ट," असं दुसरा म्हणाला आणि तिघंही हसले. मी फॉर्म भरला: 3,334, 3,333, 3,333. मध्य प्रदेशातल्या कंपन्यांची नोंद ग्वाल्हेरच्या रजिस्ट्रारकडे होते, तिथे ती झाली. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मुलं माझ्यासाठी पोहे-जिलबी घेऊन आली होती.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. फॉर्ममधल्या रकान्यांपलीकडे मी त्यांना त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. चौदा महिन्यांनी त्यांची मैत्री तुटली. त्यात माझ्या त्या न विचारलेल्या प्रश्नांचा वाटा आहे, असं मी मानतो, आणि म्हणूनच हे लिहितो आहे. त्यांची नावं सांगणार नाही. कोड लिहिणारा, बाजार सांभाळणारा आणि नोकरीत राहिलेला, असं म्हणतो. वाढदिवस कोड लिहिणाऱ्याचा होता.

त्यांचं काम चांगलं होतं. सांवेर रोडच्या बाजूला नमकीनचे कितीतरी कारखाने आहेत. त्यांचे सेल्समन दुकानोदुकानी फिरून वहीत ऑर्डर लिहितात आणि संध्याकाळी त्या वहीवरून माल निघतो. निम्मी भांडणं त्या वहीतल्या अक्षरावरून. या मुलांनी सेल्समनच्या मोबाइलवर ऑर्डर घेऊन ती थेट गोदामात पोचवणारं ॲप केलं. कोडवाल्याने महिना पंचेचाळीस हजारांची नोकरी सोडली, बाजारवाल्याने तीस हजारांची. तिसऱ्याने नोकरी ठेवली, कारण त्याच्या घरावर कर्ज होतं. तो संध्याकाळी आणि रविवारी यायचा. मात्र त्याने तीन लाख रुपये घातले. पगार कुणीच घेणार नव्हतं. "पैसे आले की बघू," असं ठरलं होतं, म्हणजे खरं तर काहीच ठरलं नव्हतं.

असे संबंध बिघडले की लोक म्हणतात, पैसा आला की मैत्री जाते. माझा अनुभव उलटा आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेक भांडणांच्या वेळी कंपनीत वाटून घेण्याजोगा पैसाच नव्हता. माझं म्हणणं असं आहे की केलेल्या कामाचा थकलेला मोबदला आणि कंपनीच्या मालकीतला हिस्सा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मित्रमंडळी त्या एकाच पिशवीत टाकतात. मोबदला झालेल्या कामाचा असतो, हिस्सा पुढे करायच्या कामाचा आणि पत्करायच्या जोखमीचा. "पगार नाही घेत, पण शेअर आहेत ना" हे वाक्य पहिल्या महिन्यात समजूतदारपणाचं वाटतं. कुणी निघून जायला लागला की त्याच वाक्याचे दोन अर्थ निघतात आणि प्रत्येकाला आपलाच अर्थ खरा वाटतो.

इथे झालं ते असं. 2022 च्या दिवाळीआधी ऑर्डरी एकदम वाढल्या आणि ॲप एकच ऑर्डर दोनदा गोदामात पाठवू लागलं. एका दुकानदाराकडे शेवेच्या चाळीस पेट्यांऐवजी ऐंशी जाऊन पडल्या. कोडवाला तीन रात्री झोपला नाही. नेटवर्क गेलं की सेल्समनचा फोन तीच ऑर्डर पुन्हा पाठवत होता, हे त्याने शोधून काढलं आणि दुरुस्त केलं. त्याच आठवड्यात कारखान्यांकडून वसुली आली आणि कंपनीच्या खात्यात पहिल्यांदा बऱ्यापैकी रक्कम दिसली. नोकरीवाल्याचे तीन लाख खात्यात संचालकाकडून घेतलेलं कर्ज म्हणून मांडलेले होते. त्याच्या घरी अडचण होती, त्याने दीड लाख परत मागितले. हिशेबात काहीच चूक नव्हती, कर्ज होतं आणि ते फेडलं गेलं.

दिवाळीनंतर कोडवाला माझ्याकडे एकटाच आला. ताळेबंदाचा कागद त्याच्या हातात होता. "काका, यात मी कुठे आहे?" त्याने विचारलं. भांडवलाच्या ओळीत त्याचे तेहतीस हजार तीनशे चाळीस रुपये होते. चौदा महिने कुठेच नव्हते. पंचेचाळीस हजारांनी चौदा महिन्यांचे सहा लाख तीस हजार होतात. बाजारवाल्याचे चार लाख वीस हजार. दोघांचे मिळून साडेदहा लाख, म्हणजे रोख आलेल्या तीन लाखांच्या साडेतीनपट गुंतवणूक त्या कंपनीत झाली होती आणि तिची एकाही वहीत नोंद नव्हती. पैसा बँकेतून येतो म्हणून आपोआप लिहिला जातो. जागून काढलेल्या रात्रींची नोंद कुणी करत नाही. ज्याची नोंद असते ते मागता येतं, ज्याची नसते ते फक्त सुनावता येतं.

त्याने संचालकपदाचा राजीनामा दिला आणि पुण्याला नोकरी धरली. वडील निवृत्त झाले होते, आणखी थांबणं शक्य नव्हतं. उरलेल्या दोघांना वाटलं, विषय संपला. इथे फार जण फसतात. संचालकपद सोडलं म्हणजे शेअर सोडले असं होत नाही. संचालक हा कारभार पाहणारा, भागधारक हा मालक. तो पुण्यात बसूनही एक तृतीयांश कंपनीचा मालक होता आणि उद्या बाकीच्या दोघांनी दहा वर्षं राबून कंपनी मोठी केली असती, तरी एक तृतीयांश त्याचाच राहिला असता.

2023 मध्ये सियागंजातले एक व्यापारी चाळीस लाख घालायला तयार झाले. त्यांच्या सीएने भागधारकांची यादी मागितली आणि तिथेच बोट ठेवलं: हा कोण, आणि काम करत नाही तर याच्याकडे तिसरा हिस्सा कसा? बाहेरच्या माणसाला असे नवे शेअर द्यायचे तर विशेष ठराव लागतो. म्हणजे पडलेल्या मतांत विरोधातल्या एका मताला बाजूची किमान तीन मतं, थोडक्यात पंचाहत्तर टक्के. दोघांकडे मिळून 6,666 शेअर, सहासष्ट टक्क्यांच्या थोडं वर. पुण्याच्या मित्राने विरोधात मत दिलं तर ठराव पडणार. त्याला फोन केला. तो म्हणाला, "करतो सही. आधी माझ्या चौदा महिन्यांचं काय ते सांगा." दोघं म्हणाले, "तिसरा हिस्सा घेऊन बसला आहेस, वर पगारही हवा?" त्याच्या दृष्टीने तो थकलेला पगार मागत होता. त्यांच्या दृष्टीने पगार शेअरमध्ये कधीच देऊन झाला होता. तिघांत खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोन महिने ते माझ्यामार्फत बोलले, नंतर तेही थांबलं. व्यापाऱ्याने पैसे दुसरीकडे लावले.

मधल्या काळात त्या दोघांना कुणीतरी सल्ला दिला की विद्यमान भागधारकांनाच नवे शेअर देऊ करा. पुण्यातला पैसे भरणार नाही आणि त्याचा हिस्सा आपोआप बारीक होईल. मी ते करू दिलं नाही. दहा टक्क्यांहून जास्त शेअर असलेला भागधारक अन्याय झाला म्हणून कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. त्याचं खंडपीठ इथे इंदूरमध्येच आहे, आणि एखाद्याला बारीक करण्यासाठीच शेअर काढले असं दिसलं तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. शिवाय चौदा महिने फुकट राबलेल्या मुलाशी असं वागणं मला पटलं नाही.

आता कायद्याने काही सांभाळलं असतं का? कंपनी न काढता साधी भागीदारी केली असती तरी नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याचं तेरावं कलम सांगतं की वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सगळ्यांचा समान, आणि धंद्याच्या कामासाठी कुठल्याही भागीदाराला मोबदला मागण्याचा हक्क नाही. मर्यादित जबाबदारीची भागीदारी म्हणजे एलएलपी, तिच्या 2008 च्या कायद्यानेही करार नसेल त्यांच्यासाठी तेच ठेवलं आहे. म्हणजे "सारखंच टाका, पगार नको" असं मित्र जे भाबडेपणाने बोलतात, तेच करार न करणाऱ्यांच्या माथी कायदा मारतो. तुम्ही गप्प राहिलात, की तुमचे तास शून्य.

या गुंत्यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. शेअर पहिल्या दिवशी नावावर होतात, पण काळाप्रमाणे पक्के होतात, असं आपापसात लिहून ठेवायचं. याला व्हेस्टिंग म्हणतात. नेहमीचा नियम चार वर्षांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस महिन्यांचा असतो. पहिलं वर्ष पुरं होण्याआधी कुणी गेला तर त्याचं काहीच पक्कं होत नाही, बारा महिने झाले की बारा अठ्ठेचाळीसांश एकदम पक्कं, आणि पुढे दर महिन्याला थोडं थोडं. जाणाऱ्याने न पिकलेले शेअर दर्शनी किमतीला उरलेल्यांना द्यायचे. हाच नियम या तिघांना लावून बघा. 3,334 चे चौदा अठ्ठेचाळीसांश म्हणजे 972. कोडवाल्याने 2,362 शेअर दहा रुपयांप्रमाणे 23,620 रुपयांत परत दिले असते. दोघांकडे प्रत्येकी 4,514 झाले असते, मिळून नव्वद टक्क्यांवर. व्यापाऱ्याचा ठराव सहज झाला असता, आणि पुण्यातला मित्र पावणेदहा टक्क्यांचा मालक म्हणून कंपनीचं भलं चिंतत राहिला असता.

पण इथेच थांबलो तर मी त्या मुलावर अन्याय करीन. ज्याने सगळं उभं केलं त्याला पावणेदहा टक्के आणि तेवीस हजार रुपये? नुसतं व्हेस्टिंग हे राहणाऱ्यांच्या सोयीचं हत्यार आहे. गुंतवणूकदार आणि त्यांचे वकील तेवढंच सांगतात, कारण त्यांना काम सोडून गेलेल्याच्या हातात शेअर नको असतात. म्हणून दुसरा कागद हवा, थकलेल्या मोबदल्याचा. नोकरी सोडून येणाऱ्या प्रत्येकाची महिन्याची एक रक्कम ठरवायची. माझा आग्रह आधीच्या पगाराच्या निम्म्याचा असतो, कारण उरलेला निम्मा ही त्याने शेअरसाठी घेतलेली जोखीम. त्या हिशेबाने कोडवाल्याचे तीन लाख पंधरा हजार झाले असते. ते कधी मिळतील हेही लिहायचं. उदाहरणार्थ, वसुली सलग तीन महिने अमुक रकमेच्या वर गेली की हप्त्यांत. बाहेरून भांडवल आलं तर त्यातून फार थोडं, कारण नवा पैसा जुनी देणी फेडायला जातो आहे हे कुठल्याच गुंतवणूकदाराला आवडत नाही. आणि शब्दांत एक काळजी घ्यायची. "पगार देय" असं खात्यात मांडलं तर तो हातात न पडताही करपात्र ठरतो, कारण पगारावरचा कर देय झाला की लागतो. म्हणून देणं अटीवर अवलंबून आहे, अट पुरी झाली की उत्पन्न होईल, असं सीएला विचारून लिहून घ्यावं.

हे दोन कागद एकत्र असले की पहिल्या वर्षाची ती कडक अटही क्रूर राहत नाही. अकराव्या महिन्यात गेलेल्याला शेअर मिळत नाहीत, पण त्याचे अकरा महिने लिहिलेले असतात.

काही जण म्हणतात, मग सरळ तास मोजा आणि तासांप्रमाणे शेअर वाटा. मला ते मान्य नाही. ती दुरुस्ती कोडवाल्याने तीन रात्रींत केली, एखाद्या नवख्याला तीन आठवडे लागले असते. तासांवर हिस्सा दिला तर नवख्याला जास्त मिळेल. शिवाय मित्र मित्राच्या तासांवर संशय घेऊ लागतात, आणि त्यासारखं विष नाही. महिना हे माप पुरेसं आहे: तो पूर्णवेळ होता की अर्धवेळ, एवढंच लिहा. नोकरीत राहिलेल्याचे महिने अर्धे किंवा पाव धरायचे, हे त्याच्या तोंडावर सुरुवातीलाच ठरवा. त्याला राग येईल. तो चौदाव्या महिन्यात येण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात आलेला बरा.

समान वाटणीवर माझा आक्षेप नाही. काम सगळं पुढे असताना तिघांनी समान हिस्सा धरणं कित्येकदा योग्यच असतं. माझा आक्षेप ती वाटणी पहिल्याच दिवशी पुरी देऊन टाकण्याला आहे. दोघांच्या कंपनीत पन्नास-पन्नास असेल तर आणखी एक पेच पडतो. दोघांचं जमेनासं झालं की साधा ठरावही होत नाही, हिशेब मंजूर होत नाहीत. म्हणून कुठल्या बाबतीत कुणाचा शब्द शेवटचा, हे वाटून घ्यावं लागतं. किंमत किती लावायची, माणूस कुणाला घ्यायचा, अमुक रकमेवरचा खर्च. पदं वाटली म्हणजे हे झालं असं समजू नये. या तिघांत बाजारवाल्याने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर सीईओ छापून घेतलं होतं आणि बाकीच्यांना ते एका दुकानदाराच्या काउंटरवर पडलेलं कार्ड बघून कळलं. कोडवाला मला म्हणाला होता, "सीईओ तो असायला माझी ना नव्हती. पण विचारलं असतं."

आणखी एक गाठ फुकट तासांतूनच पडते. नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा हक्क मालकाचा असतो. बिनपगारी मित्र मात्र नोकर आहे की नाही, इथूनच वाद. लेखी हस्तांतर नसेल तर त्याने लिहिलेला कोड त्याचाच आहे असं तो म्हणू शकतो. आणि लेखी केलं, पण मुदत लिहिली नाही, तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. या मुलाने जाताना डोमेनचा पासवर्ड आणि सगळा कोड स्वतःहून देऊन टाकला. सगळेच तसे नसतात, आणि नसले तर त्यांना दोष द्यायला आपल्याकडे कागद नसतो.

लोक म्हणतात, मैत्रीत कागद काढणं म्हणजे अविश्वास. आपल्या मराठी घरांत तर हे फारच. हिशेबाची भाषा केली की माणूस परका होतो. पण वेळेचा विचार करा. पहिल्या पंधरवड्यात कोण जाणार हे कुणालाच माहीत नसतं. जाणारा मी असेन की तू, हे ठाऊक नसताना केलेला नियम दोघांनाही परवडेल असाच होतो. चौदाव्या महिन्यात जाणारा कोण ते समोर दिसत असतं, आणि मग प्रत्येक कलम कुणाच्या तरी विरोधात लिहिलेलं वाटतं. शिवाय सुरुवातीला शेअरला किंमत नसते, तेव्हा ते दर्शनी किमतीला परत द्यायचं कबूल करणं सोपं जातं. किंमत चढल्यावर तेच कबूल करायला कुणी धजत नाही, आणि स्वस्तात घेणाऱ्याला कराचा प्रश्नही उभा राहतो. हस्तांतराची ही कलमं नुसत्या करारात न ठेवता कंपनीच्या नियमावलीतही घालावीत. तिथे नसलेलं बंधन कंपनीला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे.

मागच्या वर्षी सुदामानगरच्या दोन मैत्रिणी आल्या. त्याही म्हणाल्या, "अर्धं-अर्धं." मी दोघींना एकेक चिठ्ठी दिली आणि म्हटलं, एकमेकींना न दाखवता लिहा, मनापासून तुमचा हिस्सा किती असावा. एकीने साठ लिहिलं, दुसरीने पंचावन्न. बेरीज एकशे पंधरा. चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग साठवाली म्हणाली, "माझ्या डोक्यात आयडिया माझी आहे हे होतं." दुसरी म्हणाली, "आणि माझ्या डोक्यात, नोकरी मी सोडतेय." मला बोलायची गरज पडली नाही. दोन तास त्या आपसात बोलल्या, मध्ये एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी हिस्सा अर्धा-अर्धाच ठेवला, पण चार वर्षांत पिकणारा, आणि नोकरी सोडणारीचे महिना वीस हजार लिहून. पैशांबाबतचा शेवटचा शब्द एकीचा, मालाबाबतचा दुसरीचा.

त्या तिघांची कंपनी अजून आहे. बाजारवाला ती नऊ कारखान्यांच्या जोरावर चालवतो. दर वर्षी वार्षिक सभेची नोटीस सगळ्या भागधारकांना पाठवावी लागते, सभेच्या एकवीस दिवस आधी, म्हणून मी ती पुण्यालाही पाठवतो. उत्तर कधी आलेलं नाही. सभा झाली की वार्षिक विवरणपत्रात भागधारकांची यादी भरायची असते. पहिलं नाव त्याचं. त्याच्यापुढे मी 3,334 टाइप करतो.